पाच बोटांत चार फटी

रात्री साडेदहाला भाच्याचा मेसेज आला, "मामा, जागा आहेस का? एक फोटो पाठवतोय. आम्ही तिघांनी तीन उत्तरं काढलीत आणि तिघांचंही गणित बरोबर दिसतंय." भाचा पुण्यात राहून बँकेच्या परीक्षांची तयारी करतो. दिवसभर अभ्यासिकेत असतो आणि रात्री खोलीवर रूममेटबरोबर पेपर सोडवतो. तिसरी त्यांची एक मैत्रीण, ती तिच्या होस्टेलवरून फोनवर सामील होते. क्लासच्या सराव पेपरातल्या एका तक्त्यावर गाडी अडली होती. त्याच तक्त्याचा फोटो ग्रुपवर फिरत फिरत माझ्यापर्यंत आला होता.

फोटो कसा होता म्हणाल, तर नेहमीसारखाच. ट्यूबलाइटचा झोत पानाच्या मधोमध, कागदाला आडवी घडी, उजव्या कडेला कुणाचा तरी अंगठा, आणि पान तिरकं धरल्यामुळे ओळी डावीकडून उजवीकडे चढत गेलेल्या. बँकेची खरी परीक्षा संगणकावर होते, तिथे तक्ता स्वच्छ दिसतो. पण तयारीचं वर्षभर ही मुलं असल्याच फोटोंवर जगतात. एकाकडे पेपर असतो, बाकीच्यांकडे त्याचा फोटो, मग त्या फोटोचा स्क्रीनशॉट. व्हॉट्सअ‍ॅप चित्र पाठवताना ते दाबून लहान करतं, त्यामुळे प्रत्येक हस्तांतरात आकडे थोडे आणखी विरघळतात.

नीट वाचल्यावर तक्ता असा निघाला. चार कंपन्यांनी पाच वर्षांत विकलेले पंप, हजार नगांत.

| वर्ष | अ | ब | क | ड | एकूण |
|---|---|---|---|---|---|
| २०१९ | ४०० | २०० | १५० | २५० | १००० |
| २०२० | ४२० | २५० | १६५ | २६५ | ११०० |
| २०२१ | ४५० | २२५ | १८० | २७५ | ११३० |
| २०२२ | ४८० | २७० | २१० | २९० | १२५० |
| २०२३ | ५०० | ३२० | २४० | ३०० | १३६० |

प्रश्न होता: २०१९ ते २०२३ या काळात कंपनी 'ब'च्या विक्रीतील सरासरी वार्षिक वाढ किती टक्के? पर्याय होते १०, १२, १५, १८ आणि यांपैकी नाही. भाच्याचं उत्तर १५, मैत्रिणीचं १२, आणि रूममेटने आधी 'यांपैकी नाही' म्हटलं, मग पुन्हा आकडेमोड करून तोही १५ वर आला. भाच्याला वाटलं, दोघांचं जुळलं म्हणजे प्रश्न मिटला. पण खरी गंमत त्या रूममेटच्या १५ मध्येच होती. तिथे मी शेवटी येतो.

आधी मैत्रिणीचं १२, कारण ही चूक सगळ्यांत जास्त जण करतात. विक्री २०० वरून ३२० झाली, म्हणजे वाढ १२० ची. २०० वर १२० म्हणजे ६० टक्के. इथवर बरोबर. मग तिने ६० ला ५ ने भागलं, कारण तक्त्यात वर्षं पाच आहेत. पण वाढ वर्षात नसते, दोन वर्षांच्या मध्ये असते. हाताची पाच बोटं पसरून बघा, त्यांच्यात फटी चारच. २०१९ ते २०२०, २०२० ते २०२१, असं मोजत गेलं की वाढी चार भरतात. २०१९ साली किती टक्के वाढ झाली हे या तक्त्यातून सांगताच येत नाही, कारण त्यासाठी २०१८ चा आकडा हवा आणि तो इथे नाही. सरासरी विक्री काढायची तर मात्र ५ ने भागायचं, कारण तिथे आपण बोटं मोजतो. एकाच तक्त्यावरच्या दोन लागोपाठच्या प्रश्नांत एकदा ५ ने आणि एकदा ४ ने भागावं लागतं, आणि घाईत हात आपोआप आधीच्याच आकड्याकडे जातो. आयबीपीएसच्या पीओ पूर्वपरीक्षेत गणिताच्या ३५ प्रश्नांना २० मिनिटं मिळतात, म्हणजे एका प्रश्नाला जेमतेम ३४ सेकंद. पेपर काढणाऱ्याला हे ठाऊक असतं, म्हणून ५ ने भागून येणारा १२ हा आकडा पर्यायांत ठेवलेला असतो. आणि चुकीच्या उत्तराला त्या प्रश्नाच्या गुणांचा पाव हिस्सा कापला जातो.

आता रूममेटचं पहिलं उत्तर, 'यांपैकी नाही'. त्याने प्रत्येक वर्षाची वाढ वेगळी काढली. २०० वरून २५०, २५ टक्के वाढ. २५० वरून २२५, १० टक्के घट. २२५ वरून २७०, २० टक्के वाढ. २७० वरून ३२०, साडेअठरा टक्के वाढ. बेरीज साडेत्रेपन्न, भागिले ४, उत्तर सुमारे १३.४. पर्यायांत १३.४ नाही, म्हणून 'यांपैकी नाही'. सरासरी म्हणजे बेरीज भागिले संख्या, हे शाळेपासून घोटलेलं असल्यामुळे ही रीत फार सरळ वाटते.

अडचण अशी की हे चार टक्के चार वेगवेगळ्या पायांवर उभे आहेत. पहिले २५ टक्के २०० चे आहेत आणि नंतरचे १० टक्के २५० चे. पहिली दोनच वर्षं घ्या. २५ वाढले, १० घटले, म्हणून निव्वळ १५ वाढले असं म्हणावंसं वाटतं. पण विक्री २०० वरून २२५ झाली, म्हणजे वाढ साडेबारा टक्केच आहे. १०० रुपयांचा डबा २५ टक्क्यांनी महागला आणि मग १० टक्के सवलतीत विकला, तर दुकानदार तो ११५ ला देणार नाही, साडेबारा रुपये कमी करून ११२ रुपये ५० पैशांना देईल. टक्के हे गुणाकाराचं प्रकरण आहे. ते बेरजेत ओढलं की आकडा फुगतो.

किती फुगतो हे याच तक्त्यात पाहता येतं. 'ब'च्या शेजारची 'क' बघा. तीही १५० वरून २४० वर गेली, म्हणजे ६० टक्केच वाढली. पण ती हळूहळू चढली, मध्ये कुठे घसरली नाही. तिच्या वार्षिक वाढी अंदाजे १०, ९.१, १६.७ आणि १४.३. सरासरी साडेबारा. म्हणजे दोन्ही कंपन्या पहिल्या वर्षाच्या तुलनेत सारख्याच पटीने मोठ्या झाल्या, तरी वार्षिक टक्क्यांची सरासरी 'ब'ला १३.४ देते आणि 'क'ला १२.५. 'ब' सरस दिसते ती फक्त मध्ये आपटून पुन्हा उठली म्हणून. कुणी एखाद्या फंडाची 'सरासरी वार्षिक वाढ' दाखवून पैसे मागायला आला, तर हा 'ब' आणि 'क' मधला फरक आठवावा. चढउतार जितके जास्त, तितकी ही सरासरी खऱ्या वाढीच्या पुढे पळते.

मग खरी वाढ कोणती? आपल्या शाळेच्या पुस्तकात सरळव्याज आणि चक्रवाढ व्याज अशी दोन प्रकरणं होती ना, ती इथे कामाला येतात. भाच्याचं १५ हे सरळव्याजाचं उत्तर आहे. एकूण ६० टक्के, फटी ४, म्हणून दरसाल १५. याचा अर्थ पहिल्या २०० च्या १५ टक्के, म्हणजे ३०, दरवर्षी मिळवत जा: २३०, २६०, २९०, ३२०. बरोबर ३२० वर पोहोचलो. पण दरवर्षी मागच्या वर्षावर १५ टक्के वाढ धरली, तर चार वर्षांत विक्री साधारण ३५० व्हायला हवी, आणि ती तशी झालेली नाही. मागच्या वर्षावर मोजणारा, म्हणजे चक्रवाढ दर साडेबाराच्या किंचित खाली येतो. २०० वर साडेबारा टक्के धरून पाहा: २२५, २५३, २८५, ३२०. दशांश सोडून दिले आहेत, पण हिशेब जुळतो. १३.४ टक्के धरला तर शेवटी ३३० च्या पुढे जातो, म्हणजे रूममेटची सरासरी कुठल्याच हिशेबात बसत नाही.

यात पेपर काढणाऱ्याचाही दोष आहे, आणि तो मी भाच्याला स्पष्ट सांगितला. 'सरासरी वार्षिक वाढ' हे शब्द तीन गोष्टींना लावता येतात. सरावाच्या पुस्तकांत बहुधा एकूण टक्केवारी भागिले फटी हाच अर्थ धरलेला असतो, आणि चक्रवाढ दर हवा असेल तर तसं वेगळं लिहितात. मुलं त्याला सीएजीआर म्हणतात. चांगला पेपर हा घोळ राहू देत नाही. या प्रश्नात तर चक्रवाढीने काढणारा मुलगा साडेबाराच्या जवळचा म्हणून १२ वर खूण करून बसला असता, मैत्रिणीच्याच पर्यायावर, पण अगदी वेगळ्या वाटेने. अशा वेळी पर्याय बघावेत. १५ नेमका बसतो, १२ ओढूनताणून बसतो, तर पेपर काढणाऱ्याच्या मनात १५ होता.

तुलनेचे प्रश्न मात्र यापेक्षा प्रामाणिक असतात, आणि त्यांत भागाकार फारसा लागतही नाही. समजा विचारलं, 'ब'ची विक्री कोणत्या वर्षी मागील वर्षाच्या तुलनेत सर्वाधिक टक्क्यांनी वाढली? २०२० मध्येही ५० ची वाढ आहे आणि २०२३ मध्येही ५० चीच. वाढ सारखी असली की ज्याचा पाया लहान त्याचा टक्का मोठा, म्हणून २०० वरचे ५० जिंकतात. २०२३ मध्ये कोणती कंपनी सर्वांत वेगाने वाढली? 'अ' ४८० वर २०, 'ड' २९० वर १०; हे दोघे पाच टक्क्यांच्याही आत आहेत, सोडून द्या. उरले 'ब' २७० वर ५० आणि 'क' २१० वर ३०. 'क' म्हणजे एक सप्तमांश. 'ब' तितकीच वाढली असती तर ५० गुणिले ७, म्हणजे ३५० वर ५० वाढले असते. इथे पाया २७० चाच आहे, म्हणजे 'ब' पुढे. टक्का काढलाच नाही आणि उत्तर मिळालं. बघा, ५० मोठा की ३० मोठा एवढंच पाहणाऱ्यालाही इथे हेच उत्तर मिळतं. पण २०२१ मध्ये 'अ' ३० ने वाढली आणि 'क' १५ ने. नुसती वाढ पाहणारा 'अ' म्हणेल. ४२० वर ३० म्हणजे साधारण ७ टक्के, १६५ वर १५ म्हणजे ९ टक्के.

सरासरीचीही अशीच एक सोय आहे. 'ब'ची पाच वर्षांची सरासरी विक्री काढायला १२६५ ही बेरीज करायची गरज नाही. मनात २५० धरा आणि प्रत्येक आकडा त्याच्यापासून किती दूर आहे ते मोजा: उणे ५०, शून्य, उणे २५, अधिक २०, अधिक ७०. मिळून अधिक १५. त्याचा पाचवा भाग ३. सरासरी २५३. किराणा दुकानात जुनी माणसं हिशेब असाच करायची, एक गोल आकडा धरून वरचं-खालचं मोजत.

टक्क्यांची सरासरी आणखी एका ठिकाणी दगा देते. चारही कंपन्या मिळून विक्री किती टक्क्यांनी वाढली? कंपन्यांच्या वाढी अनुक्रमे २५, ६०, ६० आणि २० टक्के. यांची सरासरी सव्वाएकेचाळीस. पण एकूण रकाना बघा: १००० वरून १३६०, म्हणजे ३६ टक्के. फरक पडला कारण ६० टक्क्यांनी वाढलेल्या 'ब' आणि 'क' सुरुवातीला लहान होत्या. दोघी मिळून १००० पैकी ३५० च. लहान कंपनीच्या ६० टक्क्यांना मोठ्या कंपनीच्या २५ टक्क्यांएवढंच मत दिलं की आकडा वर जातो. प्रत्येकीला तिच्या मूळ वाट्याइतकं वजन दिलं, तर 'अ'चे १०, 'ब'चे १२, 'क'चे ९ आणि 'ड'चे ५ असे मिळून बरोबर ३६ होतात.

हे फक्त परीक्षेतल्या काल्पनिक पंपांपुरतं नाही. जनगणनेत महाराष्ट्राची लोकसंख्या १९९१ साली ७ कोटी ८९ लाख होती, २००१ साली ९ कोटी ६९ लाख आणि २०११ साली ११ कोटी २४ लाख. पहिल्या दशकातली वाढ २२.७ टक्के, दुसऱ्या दशकातली १६ टक्के. हा आकडा स्पर्धा परीक्षांत वारंवार येतो, आणि दोन चुका ठरलेल्या असतात. एक म्हणजे दर घटला हे वाचून लोकसंख्या घटली असं समजणं. प्रत्यक्षात दुसऱ्या दशकातही सुमारे दीड कोटी माणसं वाढली. दुसरी म्हणजे २२.७ आणि १६ यांची बेरीज करून वीस वर्षांत ३८.७ टक्के वाढ झाली असं म्हणणं. १९९१ चा आकडा थेट २०११ च्या शेजारी ठेवला तर वाढ ४२.४ टक्के निघते. सोळा टक्के वाढलेला पाया १९९१ चा नव्हता, तो आधीच फुगलेला २००१ चा होता.

आता फोटोकडे, आणि रूममेटच्या दुसऱ्या १५ कडे.

त्याच्या फोनवरचा स्क्रीनशॉट मी मागवून घेतला. त्यात कागदाची घडी नेमकी २०२२ च्या ओळीवरून गेली होती. पेपर इंग्रजी आकड्यांत छापलेला, आणि 'ब'च्या रकान्यातल्या २७० मधल्या साताची वरची आडवी रेघ घडीत गडप झाली होती. त्याने ते २१० वाचलं. मग त्याच्या हिशेबात २२५ वरून २१०, म्हणजे ६.७ टक्के घट, आणि २१० वरून ३२०, म्हणजे ५२.४ टक्के वाढ. २५ उणे १०, उणे ६.७, अधिक ५२.४, भागिले ४: १५.२. पंधराच्या जवळ, म्हणून १५. पहिल्या वेळी आकडा बरोबर वाचून रीत चुकली होती, आता रीतही तीच आणि आकडाही चुकीचा, आणि उत्तर मात्र पर्यायांत सापडलं. दोन चुका एकमेकींना सावरून घेतात, तेव्हा माणसाला आपण बरोबर आहोत याची खात्रीच पटते.

हा बिघाड ओळखायला एकूणचा रकाना होता. २०२२ च्या ओळीत ४८०, २१०, २९० मिळून ९८०. एकूण १२५० असेल तर 'ब' २७० च असला पाहिजे. पण फोटोत त्या रकान्यावर अंगठा होता. भाच्याच्या फोटोत अंगठा थोडा बाजूला होता आणि १२५० मधले पहिले दोन अंक दिसत होते. तेवढेही पुरले असते, कारण २१० धरलं तर बेरीज ११९० येते, तिची सुरुवात ११ ने होते. फोटोवरून तक्ता सोडवताना पहिलं मिनिट वाचण्यातच घालवावं असं मी म्हणतो ते यासाठी. आकडे हाताने रफ पानावर उतरवून घ्या, आणि बेरीज जुळते का ते एकेका ओळीत बघा. ओळ तिरकी दिसत असेल तर पोस्टकार्डाची कड फोटोतल्या ओळीला लावून वाचा, नाहीतर २०२१ वाचताना डोळा शेवटच्या रकान्यात २०२२ वर घसरतो. मराठी पेपर असेल तर आणखी एक काळजी घ्यावी लागते: अंधुक फोटोत देवनागरी १ हा इंग्रजी नवासारखा दिसतो आणि देवनागरी ५ इंग्रजी चारासारखा. दोन्ही लिपींची सवय असलेल्या मुलांना हा चकवा जास्त लागतो, कारण दोन्ही वाचनं त्यांच्या डोळ्यांना ओळखीची असतात.

कोणता आकडा पुसट आहे यापेक्षा त्या आकड्यावर काय अवलंबून आहे हे बघणं जास्त उपयोगाचं. भाच्याच्या रीतीत २०१९ आणि २०२३ हे दोनच आकडे लागतात. मधले तिन्ही घडीत गेले असते तरी त्याचं उत्तर हललं नसतं. पण सरासरी विक्रीत पाचही आकडे येतात. २७० चे २१० झाले की ६० ची तूट पाच वर्षांत वाटली जाते आणि २५३ ची सरासरी २४१ होते. तक्त्याखालची 'हजार नगांत' ही टीप फोटोतून कापली गेली तर टक्क्यांना काही होत नाही, कारण वरखाली दोन्हीकडे हजार कटतात. पण सरासरी किती पंप असं विचारलं, तर २५३ आणि २ लाख ५३ हजार हे दोन्ही पर्याय तुमच्याकडे बघून हसत असतात.

साडेअकराला भाच्याने क्लासची उत्तरपत्रिका पाठवली. तिच्यात १५ ला खूण होती. मैत्रिणीचा पाव गुण गेला. रूममेटला पूर्ण गुण मिळाला. त्याने विचारलं, "मग माझी रीत चालते ना?" मी त्याला त्याच रीतीने 'क' सोडवायला सांगितली. त्याचं उत्तर साडेबारा आलं, आणि मग तो बराच वेळ काही लिहिना.

एवढं सगळं झालं ते एका अंगठ्यापायी. तक्त्याचा फोटो काढाल तेव्हा पान टेबलावर सपाट ठेवा, एकूणचा रकाना आणि खालची टीप चौकटीत येऊ द्या, आणि ग्रुपवर टाकताना चित्र म्हणून न टाकता डॉक्युमेंट म्हणून टाका. तसं केलं की तो लहान होत नाही.